दुखणं हृदयाचं, कळ जबड्यात: दूरच्या दुखण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दात ठणकतो म्हणून दंतवैद्याकडे, खांदा भरून आला म्हणून मालीशवाल्याकडे. बहुतेक वेळा ते बरोबरच असतं. पण काही वेळा कळ जिथे येते तिथे काहीच बिघडलेलं नसतं, आणि बिघाड असतो तो भाग गप्प बसलेला असतो. इथे मुख्यतः दोन जोड्यांबद्दल लिहिलं आहे: हृदय आणि जबडा-हात, श्वासपटल आणि खांदा.

रेफर्ड पेन म्हणजे नेमकं काय?

बिघाड एका अवयवात आणि दुखणं दुसऱ्याच ठिकाणी जाणवणं, याला रेफर्ड पेन म्हणतात. पाठ्यपुस्तकात ‘संदर्भित वेदना’ असा शब्द सापडेल, पण दवाखान्यात तो कोणी वापरत नाही.

यात दुखणं खोटं नसतं. जबडा खरोखर दुखतो. फक्त जबड्याचा एक्स-रे काढा, दात ठोकून पाहा, हिरड्या तपासा, काही सापडत नाही. सायटिकामध्ये कंबरेतली नस दाबली जाऊन पाय दुखतो, ती वेगळी गोष्ट. तिथे पायाचीच नस दुखावलेली असते. रेफर्ड पेनमध्ये हाताच्या किंवा जबड्याच्या नसेला धक्काही लागलेला नसतो.

मग मेंदूची एवढी मोठी चूक होते कशी?

जुन्या घरात पुढच्या दाराची आणि परसदाराची घंटा एकाच तारेला जोडलेली असावी, तसं हे आहे. घंटा वाजली की घरातला माणूस पुढच्या दाराकडे धावतो, कारण आजवर लोक तिथूनच आले. परसदारी कोणी उभं असेल हे त्याच्या मनातही येत नाही.

हृदयाकडून वेदनेची बातमी आणणारे तंतू पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत शिरतात, ते मुख्यतः छातीच्या भागातल्या पहिल्या ते पाचव्या खंडात. छातीच्या आणि हाताच्या कातडीकडून, स्नायूंकडून येणारे तंतूही त्याच खंडांत येतात. दोन्हीकडचे तंतू पुष्कळदा एकाच चेतापेशीवर येऊन टेकतात, आणि तिथून वर मेंदूकडे जाणारी वाट एकच उरते. बातमी वर पोहोचते तेव्हा ती हृदयाकडून आली की हाताकडून, हे सांगणारी खूण तिच्यावर नसते.

मेंदू मग अनुभवावर जातो. जन्मापासून त्या वाटेने आलेल्या बातम्या कातडीच्याच होत्या: चिमटा, चटका, ओरखडा. हृदयाकडून अशी बातमी त्याला कधी आलेलीच नसते. म्हणून तो हाताकडे बोट दाखवतो.

पण पूर्ण हात न दुखता आतल्या बाजूलाच का दुखतो?

डावा हात पुढे करा, तळवा वर ठेवा. उजव्या हाताचं बोट डाव्या काखेत टेकवून दंडाच्या आतल्या बाजूने कोपराकडे, तिथून करंगळीच्या बाजूने मनगटाकडे आणा. हृदयाची कळ हातात उतरते ती बहुधा याच पट्ट्यातून.

काखेजवळच्या आणि दंडाच्या आतल्या कातडीची बातमी छातीच्या दुसऱ्या खंडात जाते, पुढच्या हाताच्या आतल्या बाजूची पहिल्या खंडात. हृदयाचे तंतूही तिथेच येतात. करंगळीचा खंड त्याला लागूनच वर आहे, म्हणून कधी कधी करंगळी आणि तिच्या शेजारचं बोटही जड होतं. अंगठ्याची बाजू मात्र मानेतल्या सहाव्या खंडाची आहे. फक्त अंगठा आणि तर्जनी मुंग्या आल्यासारखी होत असतील, मान वळवली की वाढत असेल, तर आधी मानेचा मणका किंवा मनगटातली नस तपासावी लागते.

कातडीचे हे पट्टे आणि आतल्या अवयवांचं नातं हेन्री हेड या इंग्रज डॉक्टरने १८९३ मध्ये मांडलं. त्याआधी, १७६८ मध्ये, विल्यम हेबर्डनने लंडनमध्ये अंजायनाचं वर्णन केलं. चालताना छातीत आवळणारं, उभं राहिलं की थांबणारं आणि छातीतून डाव्या हातात उतरणारं दुखणं त्याने तेव्हाच नोंदवलं होतं. ईसीजी यायला अजून सव्वाशेहून अधिक वर्षं होती. रुग्णाचं नीट ऐकून एवढं कळतं, हे आजही विसरू नये.

उजव्या हातात दुखलं तर हृदय नाही ना?

हा गैरसमज माणसं घालवतो. हृदयाचे तंतू दोन्ही बाजूंनी मज्जारज्जूत शिरतात. डावीकडे जास्त वेळा दुखतं हे खरं, पण छातीतलं दुखणं दोन्ही हातांत किंवा उजव्या खांद्या-हातात उतरत असेल तर हृदयविकाराच्या झटक्याची शंका कमी होत नाही, उलट वाढते.

हात समजला. जबड्याचा हृदयाशी काय संबंध?

इथे बातमी दुसऱ्या वाटेने जाते. हृदयाच्या काही संवेदना व्हेगस नावाच्या लांब नसेतून थेट मेंदूच्या बुंध्याकडे जातात. चेहऱ्याची आणि दातांची वेदना आणणारी ट्रायजेमिनल नसही बुंध्यातच येते, आणि तिचं वेदनेचं केंद्रक खाली मानेच्या वरच्या दोन-तीन खंडांपर्यंत उतरलेलं असतं. व्हेगसकडून आलेली बातमी या भागातल्या पेशींपर्यंत पोहोचते. म्हणजे पुन्हा तीच एका तारेवरची दोन दारं, फक्त घर वेगळं.

म्हणून हृदयाची कळ खालच्या जबड्यात, हनुवटीखाली, गळ्यात, मानेच्या पुढच्या भागात येते. डोळ्यांच्या वर, कपाळात सहसा येत नाही.

दाताचं दुखणं आणि हृदयाचं दुखणं वेगळं ओळखायचं कसं?

एक उदाहरण धरून चालू. समजा पणजीत मळ्यात राहणारा ५८ वर्षांचा एक माणूस आहे. तीन आठवड्यांपासून खालचा जबडा दोन्ही बाजूंनी दुखतो, हनुवटीखाली कोणी मुठीत धरून आवळल्यासारखा. दंतवैद्याने एक जुनी कीड भरून दिली, फरक पडला नाही.

त्याला विचारायचा पहिला प्रश्न ‘कुठे दुखतं’ हा नाही. ‘काय करताना दुखतं’ हा आहे. तो सांगतो: मारुतीच्या देवळाच्या पायऱ्या चढताना. साठेक पायऱ्या झाल्या की सुरू होतं, कठड्याला टेकून उभा राहिलो की तीन-चार मिनिटांत जातं. उतरताना नाही. घरी बसून टीव्ही बघताना नाही. जेवून लगेच चढलो तर चाळिसाव्या पायरीलाच येतं.

आता दाताचे प्रश्न. थंड पाण्याने कळ येते का? नाही. चावताना? नाही, भाकरीही चावतो. दात ठोकला तर? काही नाही. रात्री झोपेतून ठणका उठवतो का? नाही.

इथे उत्तर जवळजवळ मिळालं. दाताला जिना कळत नाही. किडलेला दात चढावर दुखायला लागून कठड्याला टेकल्यावर थांबत नाही. श्रम केले की सुरू, थांबलं की काही मिनिटांत बंद, ही हृदयाला रक्त कमी पडत असल्याची, म्हणजे अंजायनाची खूण आहे. चढताना हृदयाला जास्त प्राणवायू लागतो, अरुंद झालेली रक्तवाहिनी तो पुरवू शकत नाही, स्नायू तक्रार करतो. विश्रांती मिळाली की मागणी खाली येते आणि तक्रार थांबते. पोटभर जेवणानंतर हृदयावर आधीच भार असतो, म्हणून चाळिसावी पायरी.

आणखी दोन गोष्टी लक्षात घ्या. हृदयामुळे येणारं जबड्याचं दुखणं पुष्कळदा दोन्ही बाजूंना असतं आणि त्याचं वर्णन दाब, आवळ, जळजळ असं होतं. दाताचा ठणका एका बाजूचा, टोचणारा किंवा नाडीसारखा असतो. दुसरं म्हणजे, दंतवैद्याने त्या जागी भूल दिली तर दाताचं खरं दुखणं बंद पडतं. हृदयाकडून आलेलं सहसा तसंच राहतं, कारण उगम तिथे नाहीच. भूल देऊनही दुखणं तसंच असेल तर सुज्ञ दंतवैद्य दात काढत नाही, ईसीजी काढायला सांगतो.

या माणसाने त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी डॉक्टर गाठायला हवा. पण साठ पायऱ्यांच्या वीस झाल्या, थांबल्यावरही दहा मिनिटं दुखत राहिलं, किंवा बसल्या जागी दुखायला लागलं, तर वाट पाहायची नाही. रक्तवाहिनीतली गुठळी वाढत असण्याची शक्यता असते. तेव्हा थेट कॅज्युअल्टी.

छातीत काहीच न होता नुसता जबडा किंवा हात दुखू शकतो?

होय. कमी वेळा, पण होतं. स्त्रियांमध्ये, सत्तरी ओलांडलेल्यांत आणि बऱ्याच वर्षांचा मधुमेह असलेल्यांत छातीतली तीव्र कळ नसण्याचं प्रमाण जास्त. मधुमेहात वेदना वाहून नेणाऱ्या नसाच खराब झालेल्या असतात. मग नुसता दम लागतो, दरदरून घाम येतो, मळमळतं, एकदम गळून गेल्यासारखं होतं. अशा माणसाचा जबडा जिन्यावर दुखत असेल तर ‘छातीत नाही ना’ हे समाधान मानून चालत नाही.

दाबल्यावर दुखतं, म्हणजे स्नायूचंच असणार?

बऱ्याचदा असतं, पण हा पुरावा पक्का नाही. बातमी बराच वेळ येत राहिली की मज्जारज्जूतल्या त्या पेशी हळव्या होतात. मग त्याच पट्ट्यातला स्नायू खरोखर ताठतो आणि दाबल्यावर दुखतोही. बाम चोळून, शेकून थोडं बरंही वाटतं.

गॅसचंही तेच. ओवा चावला, सोडा प्यायला, ढेकर आली, आणि दहा मिनिटांत कळ गेली. अंजायना तशीही दहा मिनिटांच्या आत जाते. श्रेय ओव्याला मिळतं. अन्ननलिका आणि हृदय यांच्या बातम्या जवळजवळ त्याच खंडांत जातात, म्हणून जागेवरून त्यांच्यात फरक करणं डॉक्टरलाही अवघड जातं. औषधाने थांबलं यावरून निदान करू नका.

आता श्वासपटल. पोट आणि छातीच्या मधला पडदा खांद्यावर कसा दुखतो?

याचं उत्तर आईच्या पोटात आहे. गर्भ चार आठवड्यांचा असतो तेव्हा श्वासपटलाचा मधला भाग जिथून तयार होतो तो पडदा मानेच्या पातळीवर असतो. तिथेच त्याला मानेतल्या तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या खंडांची नस मिळते, तिचं नाव फ्रेनिक. पुढच्या काही आठवड्यांत शरीर वाढतं आणि पडदा फासळ्यांच्या खालच्या कडेपर्यंत उतरतो. पण नस बदलत नाही, ती लांबत जाते. नवीन गावी राहायला गेलेल्या माणसाचं मतदान अजून जुन्याच गावात असावं, तसं.

खांद्याच्या वरच्या कातडीची, कॉलरबोनच्या टोकापासून मानेच्या मुळापर्यंतची बातमी मानेच्या तिसऱ्या-चौथ्या खंडांतच जाते. म्हणून श्वासपटलाच्या मधल्या भागाला त्रास झाला की कळ खांद्याच्या टोकावर येते. जागा अगदी ठरलेली: जिथे पिशवीचा पट्टा टेकतो तिथे. श्वासपटलाच्या कडांना मात्र खालच्या फासळ्यांच्या नसा आहेत. कडेला त्रास झाला तर कळ खांद्यावर न जाता बरगड्यांत आणि पोटाच्या वरच्या भागात येते.

खांद्याच्या टोकाची कळ कोणत्या वेळी धोक्याची?

श्वासपटलाला खालून काय लागतंय यावर सगळं आहे. रक्त, पू किंवा आतड्यातून सुटलेली हवा त्याला टेकली तरी कळ येते.

माडावरून घसरलेला पाडेली, किंवा स्कूटर पडून हँडल डाव्या बरगडीखाली लागलेला मुलगा. बाहेर खरचटण्यापलीकडे काही नाही, पोटही फार दुखत नाही, पण आडवं झालं की डावा खांदा दुखतो. खांद्याला मार लागलेला नाही, हात सगळीकडे फिरतो. ही प्लीहा फाटून पोटात रक्त साचत असल्याची खूण असू शकते. डॉक्टर तिला केहर साइन म्हणतात. आडवं झाल्यावर का? उभं असताना रक्त खाली ओटीपोटात उतरतं, झोपल्यावर ते वर सरकून श्वासपटलाला लागतं. प्लीहेच्या आवरणाखाली साचलेलं रक्त काही दिवसांनी फुटून बाहेरही येतं, त्यामुळे पडल्यानंतर आठवड्याने डावा खांदा दुखू लागला, सोबत चक्कर किंवा फिकटपणा असेल, तर जुन्या पडण्याचा उल्लेख डॉक्टरांकडे आवर्जून करा. खात्री करायला सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅन लागतो.

पाळी चुकलेल्या स्त्रीचा खांदा अचानक दुखू लागला, ओटीपोटात एका बाजूला कळ आहे, उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते, तर गर्भ गर्भनलिकेत राहून नलिका फुटली आहे असं समजूनच हालचाल करावी. यात मिनिटं मोजावी लागतात. पाळी ‘थोडी उशिरा आली’ असं वाटत असलं तरी हे शक्य आहे.

उजवा खांदा, सोबत ताप, थंडी आणि उजव्या बरगडीखाली दुखणं असेल तर यकृतातल्या गळवाचा विचार होतो. तेलकट जेवणानंतर उजव्या फऱ्याखाली येणारी कळ बहुधा पित्ताशयाची.

दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर खांदा दुखतो. काही चुकलं का?

बहुधा नाही. लॅप्रोस्कोपीत पोट फुगवायला कार्बन डायऑक्साइड भरतात. सगळा वायू बाहेर निघत नाही, उरलेला श्वासपटलाखाली जाऊन बसतो, त्याला ताणतो आणि चुरचुरवतो. मग एक किंवा दोन्ही खांदे दुखतात. एक-दोन दिवस, फार तर तीन. शरीर तो वायू शोषून घेतं. उठून चालणं, डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामक गोळी, उशी घेऊन कुशीवर पडणं एवढं पुरतं. खांद्याला मलम लावून उपयोग नाही.

दुखणं उतरायच्या ऐवजी चढत असेल, ताप आला, पोट फुगून कडक झालं, किंवा दम लागत असेल तर मात्र ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना लगेच कळवा.

खांद्याचा सांधा दुखतोय की खांद्यावर आलेली कळ आहे, घरी कळेल का?

बऱ्यापैकी कळतं. हात डोक्यावर न्या, पाठीमागे न्या, केस विंचरल्यासारखा करा. सांध्याचं दुखणं अशा हालचालीने वाढतं आणि हात एका ठिकाणी अडतो. श्वासपटलाकडून आलेल्या कळीत हात मोकळा फिरतो. उलट खोल श्वास घेतला, खोकला आला, उचकी लागली किंवा आडवं झालं की ती वाढते, कारण हलतंय ते श्वासपटल.

यात एक मधली अवस्था आहे, आणि ती हृदयाचीच. हृदयावरच्या आवरणाला सूज आली की दुखणं डाव्या बाजूला मान आणि खांदा जोडणाऱ्या स्नायूच्या कडेवर येतं, आडवं झालं की वाढतं आणि पुढे वाकून बसलं की कमी होतं. फ्रेनिक नस श्वासपटलाकडे जाताना याच आवरणाला लगटून जाते, म्हणून हृदयाचं दुखणं इथे श्वासपटलाचा पत्ता वापरतं.

ईसीजी नॉर्मल आला. आता निश्चिंत?

पायऱ्यांवर दुखणाऱ्या आपल्या माणसाचा ईसीजी बसलेला असताना काढला तर तो पूर्ण नॉर्मल येऊ शकतो. त्या क्षणी हृदयाला काही कमी पडत नाहीये. त्याला ट्रेडमिल, सीटी किंवा अँजिओग्राफी यांपैकी काय लागेल ते हृदयरोगतज्ज्ञ ठरवतात.

दुखणं चालू असताना काढलेला ईसीजी जास्त बोलका, पण झटक्यातही पहिला ईसीजी कधी कधी साधा दिसतो. म्हणून दुखणं थांबत नसेल तर पंधरा ते तीस मिनिटांनी तो पुन्हा काढतात. ट्रोपोनिन या रक्ततपासणीचंही तसंच. हृदयाचा स्नायू मरू लागल्यावर ते रक्तात वाढायला काही तास लागतात, म्हणून एक नमुना पुरत नाही, दुसरा काही तासांनी घेतात. ‘एकदा रक्त घेतलं ना, मग पुन्हा कशाला’ असा वाद कॅज्युअल्टीत घालू नका.

घरी असताना काय करायचं?

जबडा, हात, छाती किंवा पोटाच्या वरच्या भागात दाब-आवळ असं दुखणं दहा मिनिटांहून जास्त टिकलं, किंवा सोबत घाम, दम, मळमळ असेल, तर १०८ ला फोन करा. गोव्यात ही सेवा मोफत आहे. गावाचं नाव, वाडा आणि ओळखीची खूण सांगा. दिवाडीसारख्या बेटावर असाल तर कोणत्या धक्क्याकडून फेरी सोयीची हे पहिल्याच वाक्यात सांगा. माणसाला बसतं ठेवा, पाठ टेकवून. स्वतः स्कूटर चालवत दवाखान्यात जाऊ देऊ नका, मागे बसवूनही नेऊ नका. वाटेत हृदयाचे ठोके बिघडले तर रुग्णवाहिकेत शॉक देण्याची सोय असते, स्कूटरवर नसते.

अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी नसेल, कुठे रक्तस्राव होत नसेल, तर ३०० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन चावून खायला द्यावी: १५० च्या दोन किंवा ७५ च्या चार गोळ्या. गिळली तर उशिरा लागू पडते, चावल्याने लवकर. पाठीत फाटल्यासारखी अचानक भयंकर कळ आली असेल तर देऊ नका, ती महाधमनी चिरल्याची असू शकते.

आणि इथेच जबडा आणि खांद्याचं टोक यांतला फरक जिवाचा होतो. पडल्यानंतर डावा खांदा दुखतोय किंवा पाळी चुकलेल्या बाईचा खांदा दुखतोय, तर अ‍ॅस्पिरिन अजिबात नाही. आत आधीच रक्त वाहतंय, ती ते आणखी वाहतं करेल.

शेजाऱ्याची जिभेखालची सॉर्बिट्रेट देणं हीसुद्धा मदत नव्हे. रक्तदाब एकदम पडू शकतो. ती ज्याला डॉक्टरांनी लिहून दिली आहे त्यानेच, बसून घ्यावी.

रक्तवाहिनी पूर्ण बंद झाली असेल तर ती उघडण्याचा फायदा पहिल्या तासांत सर्वांत जास्त असतो. गोव्यात हृदयविकाराच्या झटक्यासाठीच्या सरकारी स्टेमी प्रकल्पात लहान रुग्णालयातच ईसीजी काढून गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देता येतं आणि पुढे बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात पाठवतात. म्हणून जवळचं सरकारी रुग्णालय टाळून ‘थेट बांबोळीलाच’ हा हट्ट नेहमी शहाणपणाचा नसतो. कुठे न्यायचं ते १०८ च्या माणसांवर सोडा.

कॅज्युअल्टीत नेमकं काय सांगावं?

‘दात दुखतो’ म्हणाल तर दातांच्या रांगेत बसवतील, ‘खांदा भरला’ म्हणाल तर हाडांच्या. निदान सांगू नका, वेळापत्रक सांगा. ‘तीन आठवड्यांपासून चढताना जबडा दुखतो, थांबल्यावर चार मिनिटांत जातो, आज सकाळी सहाला बसल्या जागी सुरू झाला आणि अजून चालू आहे.’ किंवा, ‘परवा स्कूटरवरून डाव्या कुशीवर पडले, काल रात्रीपासून आडवी झाले की डावा खांदा दुखतो, हात मात्र नीट फिरतो.’ पहिल्या वाक्यावर दहा मिनिटांत ईसीजी व्हायला हवा, दुसऱ्यावर सोनोग्राफी. मधुमेह, चालू गोळ्या आणि घरी अ‍ॅस्पिरिन दिली असेल तर किती वाजता, हे कागदावर लिहून सोबत द्या. रुग्णाला त्या वेळी आठवेलच असं नाही.